सहा धुलायांचा हिशेब: औषध लावलेले कपडे किती दिवस काम देतात?

फेब्रुवारी लागला की दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या बागांमध्ये काजू वेचण्याची लगबग सुरू होते. झाडाखाली पडलेली बोंडे गोळा करताना माणूस तासन्‌तास वाकून, पातेऱ्यात हात घालून काम करतो, आणि नेमक्या याच दिवसांत त्या पातेऱ्यात गोचिडीची तिळाएवढी पिल्ले वाट पाहत असतात. माकडताप हा गोचिडीमुळे होणारा रोग १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला आणि २०१६ साली दोडामार्ग तालुक्यातही त्याची साथ आली. संध्याकाळी बागेतून परतताना चावणारे डास हा वेगळा त्रास. या दोन्हींवर एक उपाय म्हणून कीटकनाशक लावलेले कपडे वापरता येतात. पण ते किती दिवस काम देतात, हे नीट समजून घेतले नाही तर मनात खोटा भरवसा तेवढा राहतो.

या कपड्यांवर वापरले जाणारे रसायन म्हणजे पर्मेथ्रिन. शेवंतीच्या कुळातील एका फुलात नैसर्गिक कीटकनाशक द्रव्य असते, परंतु ते उन्हात लवकर नष्ट होते. त्याचीच रचना समोर ठेवून, प्रकाशात अधिक काळ टिकेल असे पर्मेथ्रिन इंग्लंडमधील रोथमस्टेड येथे मायकल एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ च्या सुमारास तयार केले. कीटकाच्या मज्जातंतूंमध्ये सोडियमची ये-जा नियंत्रित करणारी सूक्ष्म दारे असतात. पर्मेथ्रिन ती मिटू देत नाही, त्यामुळे मज्जातंतू पुन्हा पुन्हा उद्दीपित होतात आणि कीटक लुळा पडतो. आपल्या शरीरात हे रसायन त्वचेतून फारच कमी शिरते आणि जे शिरते त्याचे लवकर विघटन होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट हवी. अंगाला लावायच्या मलमाप्रमाणे हे रसायन वासाने डासाला दूर ठेवत नाही. ते हवेत जवळजवळ उडतच नाही, म्हणून कीटकाचे पाय कापडाला टेकावे लागतात. डास सदऱ्यावर बसतो, पायांना चटका बसल्यासारखा अस्वस्थ होतो आणि बहुधा न चावताच उडतो. गोचीड विजारीवरून वर चढू लागते आणि थोड्याच वेळात तिची पकड सुटून ती खाली पडते. याचा दुसरा अर्थ असा की टोपीला औषध लावल्याने चेहरा सुरक्षित होत नाही आणि सदऱ्याला लावल्याने उघडे घोटे वाचत नाहीत. उघड्या त्वचेला वेगळे मलम लागतेच. गोचीड खालून वर चढते, म्हणून मोजे, बूट आणि विजारीचे पाय यांना औषध लावणे हे सदऱ्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. चपला घालून बागेत जाणाऱ्याने केवळ सदऱ्यावर औषध मारले, तर गोचिडीपुरता त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आता टिकण्याचा प्रश्न. घरी फवारण्यासाठीच्या ०.५ टक्के द्रावणावर साधारणपणे ‘सहा आठवडे किंवा सहा धुलाया’ असे लिहिलेले असते, तर कारखान्यात औषध बसवलेल्या कपड्यांवर ७० धुलायांपर्यंतचा दावा असतो. हा फरक कशामुळे पडतो? एका विजारीवर सुमारे ९० मिलिलिटर द्रावण फवारले, तर तिच्यावर साधारण अर्धा ग्रॅमहून थोडे कमी पर्मेथ्रिन बसते. कारखान्यातील प्रमाण दर चौरस मीटर कापडाला सुमारे सव्वा ग्रॅम असते. म्हणजे दोन चौरस मीटर कापडाच्या विजारीवर अडीच ग्रॅम, घरच्या पाचपट. शिवाय तेथे ते चिकट पदार्थाच्या साहाय्याने धाग्याला बांधलेले असते, नुसते वर बसलेले नसते. तरीही ७० या आकड्यावर विसंबून राहू नये. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात जंगलात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना असे गणवेश दिले असता पहिल्या वर्षी गोचीड चावण्याचे प्रमाण चार-पंचमांशाहून अधिक घटले, पण दुसऱ्या वर्षी ही घट जेमतेम एक-तृतीयांश उरली.

पर्मेथ्रिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे पावसात भिजल्याने ते फारसे जात नाही. ते जाते साबणाने, घासण्याने आणि उन्हाने. धुलाईचा आकडा यंत्रातील हलक्या धुलाईचा असतो. दगडावर आपटून आणि ब्रशने घासून धुतलेल्या कपड्याची एक धुलाई ही माझ्या मते एकाहून अधिक धरायला हवी.

एक उदाहरण मांडून पाहू. काजू वेचणाऱ्या एका बाईंकडे औषध फवारलेल्या दोन विजारी आहेत. कोकणातला घाम लक्षात घेता त्या दोन्ही आलटून पालटून वापरतात आणि वापरलेली विजार रोज संध्याकाळी धुतात. प्रत्येक विजार एक दिवसाआड धुतली जाते, म्हणजे सहा धुलाया बाराव्या दिवशी संपतात. ‘सहा आठवडे’ या शब्दांवर विसंबल्या, तर उरलेले तीस दिवस त्या साध्या विजारीतच बागेत जात आहेत. कपडा धुतला की घाम जातो आणि त्याबरोबर औषधही जाते, म्हणून ही दोन कामे वेगळी करणे हा खरा उपाय. आत घाम टिपणारा सुती पायजमा घालावा आणि तो रोज धुवावा. वरची औषध लावलेली विजार केवळ झटकून सावलीत टांगावी आणि आठवड्यातून एकदाच, गार पाण्यात, न घासता, इतर कपड्यांपासून वेगळी धुवावी. मग तीच विजार सहा आठवडे पुरते आणि फेब्रुवारीच्या आरंभापासून मेच्या मध्यापर्यंतच्या पंधरा आठवड्यांत फवारणी तीनदाच करावी लागते.

औषध संपल्याचे डोळ्यांना दिसत नाही आणि वाळल्यावर वासही येत नाही. म्हणून मोजदाद ठेवावी. प्रत्येक धुलाईनंतर कमरेच्या आतल्या बाजूस रंगीत दोऱ्याचा एक टाका घालावा आणि सहावा टाका पडला की पुन्हा फवारावे. शंका आल्यास साधी चाचणी करता येते: चार-पाच डास पेल्यात पकडून पेला कापडावर तीन मिनिटे पालथा ठेवावा आणि मग तासभर पाहावे. बहुतेक डास उलटे पडले, तर औषध शिल्लक आहे. साध्या कापडावरही तेच करून तुलना केली नाही, तर मात्र निष्कर्ष काढू नये. काही भागांतील डासांत या गटातील औषधांना प्रतिकार निर्माण झालेला आहे. नुकत्याच फवारलेल्या कपड्यावरही डास खुशाल बसून राहत असतील, तर दोष धुलाईचा नसून याचा असू शकतो.

फवारणी उघड्यावर, हातमोजे घालून करावी. कपडा ओलसर होईल इतके मारून दोन ते चार तास पूर्ण वाळवावा आणि मगच घालावा. आंब्यावरील तुडतुड्यांसाठी घरात असलेले याच गटातील शेतीचे औषध कपड्याला कधीही लावू नये, कारण त्यातील विद्रावके अंगाला लागण्यासाठी बनवलेली नसतात. ओले पर्मेथ्रिन मांजराला घातक असते, तेव्हा वाळत घातलेल्या कपड्याजवळ ते फिरकणार नाही हे पाहावे. मासे, कोळंबी आणि खेकडे तर याच्या अत्यल्प प्रमाणानेही मरतात. ही विजार वहाळात धुऊ नये आणि तिचे पाणी वहाळाला मिळणाऱ्या गटारातही सोडू नये.