हलका आठवडा आणि टेपर: किलोमीटर सारखे, आतला ऐवज वेगळा

मॅरेथॉनला तीन आठवडे उरले की धावणाऱ्यांच्या प्रत्येक गटात तोच सल्ला फिरू लागतो: ‘आता टेपर सुरू, म्हणजे आराम, सगळं हळू आणि थोडं धावायचं.’ या वाक्यातला ‘थोडं’ हा भाग बरोबर आहे आणि ‘सगळं हळू’ हा भाग चुकीचा आहे. टेपर म्हणजे शर्यतीआधी सरावाचे अंतर टप्प्याटप्प्याने कमी करणे, पण सल्ला देणाऱ्याच्या मनात तो नसतो. सराव चालू असताना दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला आपण जो हलका आठवडा घेतो, तोच त्याच्या डोळ्यांसमोर असतो. शर्यतीपूर्वी असे तीन हलके आठवडे ओळीने घेतले की टेपर झाला, असा समज त्यातून रूढ झाला आहे.

हलका आठवडा काय असतो हे नियमित धावणाऱ्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. अंतर वीस ते तीस टक्क्यांनी कमी करायचे, इंटरव्हल, म्हणजे मध्ये दम घेत धावायचे छोटे वेगवान टप्पे, वगळायचे किंवा अगदी सौम्य करायचे, लाँग रन आखूड करायचा आणि पुढच्या सोमवारी पुन्हा चढण धरायची, एवढाच त्याचा मामला. टेपर सरावाच्या शेवटी एकदाच येतो, हलका आठवडा अधूनमधून येतो. टेपर साधारण दोन ते तीन आठवडे चालतो, हलका आठवडा नावाप्रमाणे सात दिवसांचा. हे फरक खरे असले तरी त्यांनी कोणाची शर्यत बिघडत नाही.

शर्यत बिघडते ती वेगाच्या बाबतीत. हलक्या आठवड्यात अंतर आणि वेग दोन्ही खाली येतात. टेपरमध्ये अंतर खाली येते आणि वेग जिथल्या तिथे राहतो. घोटाळा टिकून राहण्याचे कारण असे की वहीत किंवा ॲपमध्ये आपण आठवड्याची बेरीज तेवढी पाहतो. शिखराचा आठवडा ६० किलोमीटरचा असलेल्या माणसाचा हलका आठवडा ४५ किलोमीटरचा येईल आणि टेपरचा पहिला आठवडा ४८ चा. बेरजेवरून दोघांत भेद करता येत नाही, कारण भेद त्या किलोमीटरांच्या आत आहे.

वेग का ठेवायचा, याला आधार आहे. १९८० च्या दशकात हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांकडून आठवड्याचे सहा दिवस, रोज चाळीस मिनिटे असा दहा आठवडे कठोर सराव करून घेतला आणि नंतर पंधरा आठवडे त्यातला एकेक घटक घटवून पाहिला. दिवस कमी केले किंवा रोजची मिनिटे दोन तृतीयांशापर्यंत कमी केली, तरी जोर तोच ठेवलेल्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता टिकली. दिवस आणि मिनिटे तेवढीच ठेवून जोर एक तृतीयांशाने उतरवला, तेव्हा ती घसरली. पुढे १९९२ साली शेप्ली आणि सहकाऱ्यांनी मध्यम अंतराच्या धावपटूंवर सात दिवसांचे तीन प्रकार पडताळले: फार थोडे पण वेगवान धावणे, मध्यम अंतराचे संथ धावणे आणि संपूर्ण विश्रांती. ठरलेल्या वेगाने दमेपर्यंत किती वेळ धावता येते हे मोजल्यावर पहिल्या प्रकारानंतर तो वेळ सुमारे २२ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्यानंतर ६ टक्क्यांनी, आणि विश्रांतीनंतर तो ३ टक्क्यांनी घटलेला दिसला. दमेपर्यंतचा वेळ २२ टक्क्यांनी वाढला म्हणजे मॅरेथॉनची वेळ तेवढी सुधारेल असे नव्हे, आणि ते धावपटूही मॅरेथॉनचे नव्हते. परंतु तिन्ही प्रकारांचा क्रम पुरेसा बोलका आहे.

यामागचे कारण समजायला अवघड नाही. थकवा मुख्यतः साठलेल्या किलोमीटरांतून येतो, म्हणून किलोमीटर कमी केले की स्नायूंची झीज भरून निघते आणि त्यांतला ग्लायकोजेन या इंधनाचा साठा पूर्ण होतो. रक्तातील द्रवाचे वाढलेले प्रमाण आणि वेगात धावताना पायांना लागलेले वळण या गोष्टी मात्र जोराच्या धावण्यावर टिकून असतात, आणि जोराचे धावणे पूर्ण थांबले तर रक्तातील द्रव काही दिवसांतच घटू लागतो. टेपरमध्ये थकवा उतरवायचा असतो आणि ही कमाई राखायची असते. हलक्या आठवड्यात एवढी काळजी करावी लागत नाही, कारण जे थोडे उतरते ते पुढच्या आठवड्याच्या वाढत्या सरावात परत चढते. टेपरनंतर असा भरून काढणारा आठवडा नसतो. तिथे थेट शर्यत असते.

आता हिशोब मांडू. आपला धावपटू चार तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण करू पाहतो, म्हणजे त्याचा शर्यतीचा वेग किलोमीटरला ५ मिनिटे ४० सेकंद. शिखराच्या आठवड्यात तो पाच दिवस मिळून ६० किलोमीटर धावतो: मंगळवारी १० (त्यात १ किलोमीटरचे पाच इंटरव्हल, प्रत्येकी ५:०५ ने), बुधवारी ६ सावकाश, गुरुवारी १० (त्यांपैकी ६ शर्यतीच्या वेगाने), शनिवारी ६ सावकाश आणि रविवारी २८. हा रविवार शर्यतीच्या बरोबर २१ दिवस आधीचा आहे. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत शिखराच्या अनुक्रमे ८०, ६० आणि ४० टक्के अंतर ठेवायचे, म्हणजे ४८, ३६ आणि २४ किलोमीटर. शेवटच्या आकड्यात शर्यतीचे ४२ किलोमीटर धरायचे नाहीत.

पहिल्या आठवड्याचे ४८ किलोमीटर मंगळवारपासून असे बसतात: ९, ६, ८, ५ आणि रविवारी २०. मंगळवारचे इंटरव्हल पाचाचे चार झाले, पण प्रत्येक ५:०५ चाच. गुरुवारी शर्यतीच्या वेगाचे किलोमीटर सहाचे पाच झाले, पण वेग ५:४० चाच. दुसऱ्या आठवड्याचे ३६ म्हणजे ८, ५, ७, ४ आणि १२. त्यात तीन इंटरव्हल, आणि गुरुवारी ४ किलोमीटर शर्यतीच्या वेगाने. शर्यतीच्या आठवड्यात मंगळवारी ७ (दोन इंटरव्हल, अजूनही ५:०५), बुधवारी ५, गुरुवारी ६ (त्यांपैकी २ शर्यतीच्या वेगाने), शनिवारी अगदी सावकाश ४. ही बेरीज २२ येते. राहिलेले २ किलोमीटर टक्केवारी जुळावी म्हणून बुधवारी घुसडणाऱ्यांची मला कमाल वाटते. ते सोडून द्यावेत. मोठी कपात रविवारच्या लाँग रनमधून झाली आहे, इतर दिवसांना फारसा धक्का लागलेला नाही आणि धावण्याचे दिवस पाचच राहिले आहेत, हे इथे लक्षात घ्यावे.

हाच धावपटू हलका आठवडा घेत असता, तर मंगळवारी इंटरव्हल नसते, गुरुवारी शर्यतीचा वेग नसता आणि ४५ च्या ४५ किलोमीटर साडेसहाच्या आसपासच्या वेगाने झाले असते. सरावाच्या मधल्या काळात ते योग्यच आहे. तेच तीन आठवडे लागोपाठ केले, तर शर्यतीच्या सकाळी ५:४० चा वेग पायांना परका वाटतो.

आपण यांतले नेमके काय करीत आहोत हे ओळखण्याची जागा म्हणजे दुसऱ्या आठवड्याचा मंगळवार. टेपर नीट चालला असेल तर ५:०५ चा किलोमीटर तीन आठवड्यांपूर्वीपेक्षा सोपा वाटतो आणि धाप लवकर उतरते. वेग सोडून दिलेल्या माणसाला तोच किलोमीटर जड वाटतो आणि नाडी नेहमीपेक्षा वर जाते. मग तो ‘अजून थकवा आहे’ असा निष्कर्ष काढून गुरुवारचे धावणेही रद्द करतो आणि प्रकरण आणखी बिघडवतो. याच्या उलट चूकही होते: पाय ताजे झाल्याच्या आनंदात कोणी तो किलोमीटर ४:४५ ने काढतो. वेग राखायचा याचा अर्थ वाढवायचा असा होत नाही. वाढवलेला वेग नवा थकवा आणतो आणि तो भरून निघायला आता दिवस उरलेले नसतात.

टक्केवारीतही एक गफलत होते, तिला थोडक्यात हात घालतो. २०, ४० आणि ६० टक्के कपात ही प्रत्येक वेळी शिखराच्या आठवड्यातून करायची असते, मागच्या आठवड्यातून नव्हे. मागच्यातून केली तर ६० चे ४८, ४८ चे २८.८ आणि २८.८ चे ११.५ होतात, म्हणजे शर्यतीच्या आठवड्यात जवळजवळ काहीच उरत नाही. शिवाय ‘शिखर’ म्हणून एखादा अपवादात्मक आठवडा धरू नये. तीन आठवडे ५८ च्या आसपास असताना सुट्टीमुळे एकदाच ७० झाले असतील, तर ७० वरून काढलेला ८० टक्क्यांचा आकडा ५६ येईल, आणि ती कपात नावापुरतीच ठरेल. हलके आठवडे वगळून सर्वांत मोठ्या तीन आठवड्यांची सरासरी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

याच काळात वजन एखाद्या किलोने वाढते आणि पाय भरल्यासारखे वाटतात. साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहते, त्यामुळे ही वाढ चरबीची नसते आणि तिला घाबरून जेवण तोडण्याचे कारण नाही. त्याहून वाईट म्हणजे घबराटीत, शर्यतीला दहा दिवस असताना केलेला २५ किलोमीटरचा ‘खात्रीचा’ लाँग रन. त्याचा फायदा शर्यतीपर्यंत अंगी लागत नाही, थकवा मात्र लागतो. ॲपवर तंदुरुस्तीचा आलेख खाली उतरतो म्हणूनही लोक असे करतात. तो आलेख बहुधा अलीकडच्या सरावाच्या भारावरून काढलेला असतो आणि टेपरमध्ये तो उतरलाच पाहिजे.

८०-६०-४० हे प्रमाण सर्वांना लागू पडत नाही. आठवड्याला ३० किलोमीटर धावून अर्धमॅरेथॉन करणाऱ्यावर उतरवण्याइतका थकवाच साठलेला नसतो. त्याने शेवटचे दोनच आठवडे घ्यावेत आणि ७५ व ५० टक्के, म्हणजे सुमारे २२ आणि १५ किलोमीटर ठेवावेत. दहा किलोमीटरच्या शर्यतीला शेवटचा एक आठवडा पुरतो. पोटरी, गुडघा किंवा टाच दुखत असेल, अथवा ताप येऊन गेला असेल, तर वेग राखण्याचा नियम बाजूला ठेवून दुखणे बरे होईपर्यंत थांबावे. त्याची गणना ना टेपरमध्ये करावी, ना हलक्या आठवड्यात.