ओव्हनमधली काच का फुटते? (आणि आमच्याकडून डिश घेताना काय बघून घ्याल)

गेल्या दिवाळीच्या आसपास एक काकू दुकानात आल्या, हातात पिशवी आणि पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले काचेचे तुकडे. म्हणाल्या, "अरे ओव्हनमध्ये काही नाही झालं, बाहेर काढून ओट्यावर ठेवली आणि ठ्ठक् करून दोन तुकडे!" आम्ही विचारलं, ओटा कसला? कडप्पा. पुसला होता का नुकताच? हो, ओल्या फडक्याने. झालं, इथेच उत्तर सापडलं. डिश साध्या काचेची होती, दुसरीकडून घेतलेली, पण हाच प्रश्न आम्हाला आठवड्यातून एकदा तरी येतोच, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून बॉक्समध्येच टाकावं.

आधी त्या ओट्यावर काय झालं ते बघू. ओव्हन १८० वर होता, डिश साधारण १७० अंशाला आलेली असणार, आणि ओला कडप्पा ३० ला. म्हणजे फरक १४० अंशांचा. काच तापली की फुगते आणि गार झाली की आकसते हे सगळ्यांना माहितीये, पण काच उष्णता फार हळू पुढे ढकलते हे आपण विसरतो. दगड उष्णता भराभर ओढून घेतो आणि त्यात पाणी असेल तर आणखीच, त्यामुळे डिशचा तळ खालून झटक्यात गार होऊन आकसायला बघतो आणि आतली काच अजून तापलेलीच, ती काही आकसायला तयार नाही. एकाच भांड्यात दोन थर एकमेकांशी रस्सीखेच करतात. त्यात बाहेरचा थर ताणला जातो, आणि काचेला दाबलेलं चालतं, ताणलेलं अजिबात चालत नाही. यालाच थर्मल शॉक म्हणतात.

यातली एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. गरम भांडं गार करणं हे गार भांडं गरम करण्यापेक्षा जास्त वाईट. गरम करताना वरचा थर फुगायला बघतो म्हणून तो दाबला जातो, आणि दाब काच सोसते. गार करताना तोच थर ताणला जातो. अर्थात ताण कुठेतरी जातोच, जाड गार बरणीत उकळतं पाणी ओतलं तर आतली बाजू फुगते आणि बाहेरची ताणली जाते, मग बरणी बाहेरून तडकते. म्हणूनच जाड काच म्हणजे मजबूत काच हे इथे खरं नाही, भिंत जितकी जाड तितका आत-बाहेरचा फरक जास्त वेळ टिकतो. चहाचा पातळ ग्लास टिकतो आणि जाड बुडाची बरणी फुटते, ते याचमुळे.

आता दोन काचांमधला फरक. साधी काच, म्हणजे सोडा लाइम, वाळू, सोडा आणि चुना वितळवून करतात. खिडकीची काच, लोणच्याची बरणी, पाण्याचा ग्लास, सगळं हेच. नुसती वाळू वितळायला १७०० अंशांच्या वर जावं लागतं, सोडा घातला की ते बरंच खाली येतं म्हणून काच स्वस्त होते, पण सोड्याने आतली वीण सैल होते आणि तापल्यावर काच जास्त फुगते. बोरोसिलिकेटमध्ये साधारण ८० टक्के वाळू आणि १२-१३ टक्के बोरॉन ऑक्साइड असतं, सोडा अगदी थोडा. बोरॉनही वितळायला मदत करतो पण वीण तितकी सैल होऊ देत नाही. परिणाम असा की १ अंश तापल्यावर १० लाखात सोडा लाइम ९ भाग वाढते आणि बोरोसिलिकेट ३.३ भाग. डब्यांवर किंवा डिशच्या तळाला "३.३" लिहिलेलं असतं ना, तो हाच आकडा, मॉडेल नंबर नाही (आम्हालाही सुरुवातीला तसंच वाटायचं).

काकूंच्या डिशचंच गणित करू. लांबी ३० सेंटीमीटर, फरक १४० अंश. सोडा लाइमचा गार झालेला थर जवळजवळ ०.३८ मिलिमीटर आकसायला बघतो, बोरोचा ०.१४. दोन्ही आकडे बारीकच वाटतात, पण काच वाकत नाही, ताणत नाही, त्यामुळे तेवढ्यासाठीही प्रचंड ओढ बसते. अगदी वाईटातला वाईट धक्का धरला तर सोडा लाइममध्ये दर चौरस सेंटीमीटरला हजार किलोच्या वर, बोरोमध्ये साडेतीनशेच्या आसपास. आणि घरात वापरलेली, बारीक चरे पडलेली काच साधारण तीनशे ते सहाशेपर्यंत ताण झेलते. म्हणजे साधी काच गेलीच, आणि बोरो बऱ्याचदा वाचते. "बऱ्याचदा" हा शब्द मुद्दाम लिहिलाय. बोरोसिलिकेट फुटतच नाही असं कोणी सांगत असेल तर तो विकायला बसलाय. आम्हीही विकायलाच बसलोय, पण रिटर्न आमच्याकडेच येतात.

चऱ्यांचं एवढं का सांगतोय, तर काच फुटायला सुरुवात नेहमी एखाद्या चऱ्यातून होते, ताण तिथे एकवटतो. तारेच्या घासणीने डिश घासली, स्टीलच्या उलथन्याने तळाला करपलेलं खरवडलं, की वर्षभर व्यवस्थित चाललेली डिश एक दिवस काहीच वेगळं न करता फुटते. लोक म्हणतात "आपोआप फुटली". आपोआप नाही हो, चरा आधीच होता, त्या दिवशी तापमानाचा फरक त्याला पुरेसा मिळाला. करपलं असेल तर कोमट पाणी आणि सोडा घालून रात्रभर ठेवा, सकाळी स्पंजने निघतं.

आता टेम्पर्ड. बाजारात "ओव्हन सेफ" लिहिलेल्या बऱ्याच डिश सोडा लाइमच्याच असतात पण टेम्पर केलेल्या, म्हणजे तयार भांडं परत तापवून हवेच्या झोताने भराभर गार केलेलं. त्यामुळे बाहेरचा थर कायमचा दाबलेला राहतो आणि आतला ताणलेला. बाहेरून ताण आला की आधी तो दाब संपावा लागतो, मगच काच धोक्यात येते. ही काच हातातून पडली तर बोरोपेक्षा जास्त टिकते, हे मान्य करायलाच हवं. पण फुगणं तेवढंच राहतं, ९ चे ३.३ होत नाहीत, आणि दाबाच्या थरापेक्षा खोल चरा गेला तर आत साठवलेला सगळा ताण एकदम सुटतो आणि भांड्याचा चुरा होतो. बोरो फुटली तर मोठे, धारदार तुकडे होतात. कुठलं बरं ते ज्याने त्याने ठरवावं.

अमेरिकेतून लेकीने आणलेल्या डिश घेऊन बरेच जण विचारायला येतात, "ही तर नावाजलेली, बोरोच असेल ना?" गंमत अशी की घरगुती काचेच्या बेकिंग डिशची सुरुवात तिथूनच झाली. कॉर्निंग कंपनी रेल्वेच्या कंदिलांसाठी कमी फुगणारी काच करायची, कारण तापलेल्या कंदिलावर पाऊस-बर्फ पडला की काचा तडकायच्या. १९१३ मध्ये तिथल्या जेसी लिटलटन नावाच्या शास्त्रज्ञाच्या बायकोने, बेसीने, बॅटरीच्या काचेच्या भांड्याचा कापलेला तळ घेऊन त्यात केक भाजला आणि १९१५ मध्ये पायरेक्स बाजारात आलं. पण अमेरिकेत त्याच नावाची भांडी पुढे टेम्पर्ड सोडा लाइममध्ये व्हायला लागली, युरोपातली बोरोमध्येच राहिली. त्यामुळे नावावरून काही कळत नाही, काचच बघावी लागते.

बघायची कशी? सोपी पहिली खूण, पांढऱ्या कागदावर ठेवून डिशच्या काठातून आडवं बघा. सोडा लाइमचा काठ बहुतेक हिरवट दिसतो, लोखंडाच्या अंशामुळे, बोरोचा जवळजवळ बिनरंगी. पण कमी लोखंडाची सोडा लाइमही मिळते, म्हणून हे पक्कं नाही. त्यापेक्षा भारी आहे ती तेलाची टेस्ट. छोटी वाटी असेल, किंवा फुटलेला तुकडा असेल, तर तो सूर्यफुलाच्या तेलात पूर्ण बुडवा. बोरो जवळपास दिसेनाशी होते! प्रकाश दोन्हींमध्ये सारखाच वळतो, म्हणून कड कळत नाही. सोडा लाइमची कड मात्र तेलात स्पष्ट दिसत राहते. काकूंचा तुकडा आम्ही त्यांच्यासमोरच बुडवला, लख्ख दिसत होता. शेजारी आमच्या बोरोचा तुकडा टाकला तर त्या बोटाने चाचपडत बसल्या. (तेल नंतर गाळून देवाच्या दिव्याला वापरा, फोडणीला नको, काचेचा कण असेल तर?)

आणखी एक, "मायक्रोवेव्ह सेफ" म्हणजे "ओव्हन सेफ" नव्हे. मायक्रोवेव्ह अन्न तापवतो, काच अन्नामुळे शंभरेक अंशांपर्यंत तापते. ओटीजीमध्ये मात्र कॉइल काचेलाच थेट भाजते, तेही एका बाजूने. त्यातून प्रीहीट चालू असताना कॉइल लाल असते, म्हणून काचेची डिश प्रीहीट संपल्यावर आणि मधल्या जाळीवर ठेवा. फ्रिजमधली डिश आधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढून ठेवा. भाजी सुकी वाटली म्हणून गरम डिशमध्ये नळाचं पाणी शिंपडू नका, ओतायचंच असेल तर गरम पाणी. बाहेर काढल्यावर लाकडी पाट, जाड कोरडं फडकं किंवा जाळी, ओला ओटा नको, सिंक तर नकोच. आणि गॅसवर कुठलीच बेकिंग डिश नाही, बोरोही नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये बीकर बर्नरवर ठेवायचो हे बरोबर, पण तो पातळ असतो आणि खाली जाळी असायची.

आम्ही दोन्ही प्रकार विकतो. ओव्हन रोज किंवा आठवड्यातून दोनदा चालत असेल तर बोरोच घ्या, पैसे जास्त जातात पण जातात तिथे उपयोग होतो. फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि टेबल एवढंच असेल, घरात लहान मुलं असतील, तर टेम्पर्डवर खर्च वाचवा, आम्हाला काही वाटणार नाही.

डिश फुटली तर तुकडे फेकू नका, जाड कागदात गुंडाळून आणा. तापमानाने गेलेली बोरो बघून बहुतेक ओळखता येते, तडा काठापासून सरळ आत सुरू होतो आणि मग वळणं घेत फिरतो, फाटे कमी. आपटून गेली असेल तर एका जागेवरून चांदणीसारख्या रेषा निघतात. पहिल्या प्रकारात आणि चरे नसतील तर सहा महिन्यांच्या आत बदलून देतो, दुसऱ्यात नाही. आणि घरीच टाकणार असाल तर बोरोचे तुकडे भंगारवाल्याच्या बाटल्यांमध्ये घालू नका, ती काच बाटल्यांच्या भट्टीत नीट वितळत नाही आणि नव्या बाटलीत खडा होऊन राहते.