फट अरुंद, पट्टा रुंद

सध्या एक व्हिडिओ बराच फिरतोय. अंधारी खोली, लाल लेझर पॉइंटर आणि त्याच्यासमोर दाढीच्या ब्लेडची दोन पाती. दोघांमधली फट हळूहळू कमी केली जाते. आपल्याला वाटतं, भिंतीवरचा लाल पट्टाही बारीक होत जाणार. होतं उलटंच. फट जितकी मिटत येते तितका पट्टा दोन्ही बाजूंना पसरतो. तोवर सगळं छान आहे, प्रयोग खरा आहे. पण मग मागून आवाज येतो की प्रकाशाला कोंडल्याचं 'कळतं', म्हणून तो मोकळी जागा शोधतो, आणि विश्वात चैतन्य असल्याचा हा क्वांटम पुरावा आहे. पुढे बहुधा शिबिराची जाहिरात.

या पसरण्याला विवर्तन म्हणतात, आणि यात कुणाला काही कळावं लागत नाही. लाट असली की झालं, मग ती पाण्याची असो, आवाजाची असो वा प्रकाशाची. पट्टा का रुंदावतो हे समजून घ्यायचं तर लक्ष उजेडाकडे नको, त्याच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या रेघांकडे हवं. बारावीच्या मुलांना या रेघा 'मिनिमा' म्हणून माहीत असतात, आणि त्यांचं सूत्रही तोंडपाठ असतं: a sin θ = mλ. इथे a म्हणजे फटीची रुंदी, λ म्हणजे तरंगलांबी, θ म्हणजे सरळ रेषेपासूनचा कोन आणि m म्हणजे १, २, ३ असे पूर्णांक. गोंधळ इथेच सुरू होतो. दोन फटींच्या प्रयोगात दोन वाटांमधला फरक एक पूर्ण तरंगलांबी असला तर उजेड पडतो असं त्याच मुलांनी चार पानं आधी शिकलेलं असतं. आता एका फटीच्या दोन कडांपासूनचा फरक एक तरंगलांबी झाला, तर अंधार! बरेच जण हे 'इथे उलटं असतं' एवढं लक्षात ठेवून परीक्षा देऊन येतात. उलटं काहीच नाही.

आकडे घेऊन बघू. फट ०.१ मिलिमीटर रुंद, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीएवढी. लेझर लाल, तरंगलांबी ६५० नॅनोमीटर. भिंत २ मीटरवर. फटीत पोचलेल्या लाटेचा प्रत्येक बिंदू जणू स्वतःच एक छोटा दिवा होतो आणि सगळीकडे लाटा पाठवतो. समजा, फटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत असे शंभर बिंदू आहेत आणि त्यांना १ ते १०० क्रमांक दिलेत. भिंतीवर बरोबर समोरच्या जागी सगळ्यांच्या लाटा एका तालात येतात, तिथे लख्ख उजेड.

आता नजर भिंतीवर जरा बाजूला सरकवा, आणि अशा जागी थांबा की एका कडेपासूनची वाट दुसऱ्या कडेपासूनच्या वाटेपेक्षा बरोबर ६५० नॅनोमीटरने लांब आहे. पहिला आणि शंभरावा बिंदू तिथे एका तालात आहेत, हे अगदी खरं. पण ते शंभरातले दोनच. पहिल्याची जोडी शंभराव्याशी न लावता एक्कावन्नाव्याशी लावा. त्यांच्यात अर्ध्या फटीचं अंतर आहे, म्हणून वाटेतला फरकही अर्धा, ३२५ नॅनोमीटर. एकाच्या लाटेचा उंचवटा येतो तेव्हा दुसऱ्याचा खळगा येतो आणि दोघं एकमेकांना पुसून टाकतात. दुसरा आणि बावन्नावा, तसंच. तिसरा आणि त्रेपन्नावा, तसंच. पन्नासावा आणि शंभरावा, तसंच. एकही बिंदू जोडीशिवाय उरत नाही, म्हणून भिंतीवरची ती जागा काळी. दोन फटींच्या प्रयोगातला नियम इथे मोडलेला नाही. तोच नियम पन्नास वेळा लावला, इतकंच.

कडांमधला फरक दोन तरंगलांब्या झाला की फटीचे चार भाग पाडायचे: पहिल्याची जोडी सव्विसाव्याशी, एक्कावन्नाव्याची शहात्तराव्याशी. पुन्हा सगळे संपतात, दुसरी काळी रेघ येते. या दोन रेघांच्या मधोमध, फरक दीड तरंगलांबीच्या आसपास असताना, फटीचे तीन भाग पडतात. त्यातले दोन एकमेकांना खातात आणि एक तृतीयांश फट कामाला उरते. उजेडाची तीव्रता लाटेच्या उंचीच्या वर्गावर ठरते, म्हणून एक तृतीयांशाचे झाले एक नवमांश. पण तेवढेही मिळत नाहीत, कारण उरलेल्या तिसऱ्या भागातले बिंदूही आपसात पूर्ण तालात नसतात. हिशेब केला तर शेजारचा पट्टा मधल्याच्या शंभरातल्या पाच भागांपेक्षाही कमी तेजस्वी निघतो, ४.७ टक्के. (इथे गणित थोडं दाटलं असेल तर हा परिच्छेद सोडलात तरी पुढचं अडणार नाही.)

आता फट अरुंद करू. घराच्या पायरीवर स्कूटर चढवायला आपण फळी टेकवतो, ती डोळ्यांसमोर आणा. पायरीची उंची ठरलेली आहे. फळी लांब असेल तर चढ सौम्य, आखूड असेल तर उभा. आपल्या प्रयोगात फळी म्हणजे फट आणि पायरी म्हणजे एक तरंगलांबी. पहिली काळी रेघ दिसायला कडांमध्ये ६५० नॅनोमीटरचा फरक पडलाच पाहिजे, त्यात सूट नाही. फट रुंदीला कमी पडली तर तेवढा फरक पाडायला कोन वाढवावा लागतो, आणि काळी रेघ मध्यापासून दूर जाते. उंचीला फळीच्या लांबीने भागलं की कोनाची साइन मिळते, तेच सूत्रातलं sin θ = λ/a. प्रकाश 'पसरतो' असं आपण म्हणतो खरं, पण घडतं ते इतकंच की त्याला पुसून टाकणाऱ्या जोड्या आता दूरवर जुळतात.

०.१ मिलिमीटरच्या फटीला पहिली काळी रेघ मध्यापासून १३ मिलिमीटरवर येते. तशीच एक दुसऱ्या बाजूला. म्हणून मधला पट्टा २६ मिलिमीटरचा, आणि त्याच्या शेजारचे सगळे पट्टे १३-१३ मिलिमीटरचे. मधला दुप्पट का? कारण सूत्रात m ला शून्य चालत नाही. शून्याच्या जागी तर सगळे बिंदू तालात असतात, तिथे रेघ पडायची कशी? फट अर्धी केली, ०.०५ मिलिमीटर, की मधला पट्टा ५२ मिलिमीटर. मूळ फट दुप्पट केली, ०.२ मिलिमीटर, की १३. लालऐवजी ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर घेतला तर पायरीच बुटकी होते आणि मूळ फटीचा पट्टा २१ मिलिमीटरवर येतो.

आणि फळी पायरीपेक्षाही आखूड असेल तर? ती उभी धरली तरी पुरत नाही. फट तरंगलांबीपेक्षा अरुंद झाली की काळी रेघ मिळतच नाही, सगळीकडे उजेड. शेजारच्या खोलीतलं बोलणं दारातून कानाकोपऱ्यात पोचतं ते यामुळेही. माणसाच्या आवाजातल्या २०० हर्ट्झच्या लाटेची लांबी १.७ मीटर आणि दार ९० सेंटिमीटरचं.

व्हिडिओत एक गोष्ट दिसत नाही. फट अर्धी केल्यावर आत येणारा प्रकाश अर्धा होतो आणि तो दुप्पट रुंदीवर वाटला जातो, म्हणून मध्यावरचं तेज थेट चौथाईवर येतं. मोबाइलचा कॅमेरा हे आपोआप सावरून घेतो आणि पट्टा तितकाच झगझगीत दाखवतो. डोळ्यांनी बघाल तर मंदावलेला कळेल.

प्रकाश कडेला घासून वाकतो, ही समजूतही जुनी आहे. कडा किरणांवर बल लावतात असं न्यूटनलाही वाटत होतं. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेलने वस्तऱ्याची धार आणि त्याची पाठ दोन्ही वापरून बघितलं. नक्षीत फरक पडला नाही. कडेचा पदार्थ किंवा जाडी यांचा इथे संबंध नाही, मोकळी जागा किती एवढाच प्रश्न.

घरी करायचं असेल तर ब्लेडची दोन पाती कार्डावर चिकटवताना मध्ये कागद उभा धरा आणि नंतर काढून घ्या. लेझरचा झोत डोळ्यात जाऊ देऊ नका, चकचकीत पात्यावरून परावर्तित झालेलाही नको. पाती समांतर नसतील तर पट्टे एका टोकाला जवळ आणि दुसऱ्या टोकाला लांब, पंख्यासारखे फाकलेले दिसतील, तिथेच ओळखायचं. मोजताना मधल्या पट्ट्याच्या उजेडाची कड धरू नका, ती पुसट असते आणि खोली जितकी अंधारी तितकी ती सरकते. काळ्या रेघेचा मध्य धरा. डावीकडच्या तिसऱ्या रेघेपासून उजवीकडच्या तिसऱ्या रेघेपर्यंतचं अंतर मोजून त्याला सहाने भागा. ७८ मिलिमीटर आलं तर एक हिस्सा १३ मिलिमीटरचा, म्हणजे फट खरोखर ०.१ मिलिमीटरची आहे.

आता उलट जाऊ, फट रुंद करत. २ मिलिमीटरच्या फटीला सूत्र सांगतं की २ मीटरवरच्या भिंतीवर मधला पट्टा १.३ मिलिमीटरचा असेल. म्हणजे फटीपेक्षाही अरुंद! प्रत्यक्षात तसं दिसत नाही. जोड्या लावताना आपण गुपचूप एक गोष्ट धरून चाललो होतो: भिंत इतकी दूर आहे की दोन्ही कडांपासून निघणाऱ्या वाटा जवळजवळ समांतर आहेत. किती दूर म्हणजे दूर, हे फटीच्या रुंदीच्या वर्गाला तरंगलांबीने भागून कळतं. ०.१ मिलिमीटरच्या फटीला ते अंतर जेमतेम १५ मिलिमीटर येतं, तेव्हा २ मीटर म्हणजे पुष्कळच दूर. २ मिलिमीटरच्या फटीला मात्र ते ६ मीटर येतं आणि आपली भिंत 'जवळ' पडते. अशा वेळी रेघा पूर्ण काळ्या होत नाहीत, राखाडी राहतात, आणि मधोमध फटीचीच अस्पष्ट प्रतिमा दिसू लागते. सूत्र कुठे लागू आहे याची साधी खूण ही: रेघा खरंच काळ्या आहेत का?

खोली लहान असेल तर फटीच्या मागे बहिर्गोल भिंग ठेवायचं आणि पडदा त्याच्या नाभीवर धरायचा. भिंग समांतर वाटा एका जागी आणतं, त्यामुळे दूरच्या भिंतीवरची नक्षी जवळ मिळते. १ मीटर नाभीय अंतराचं भिंग आणि तीच २ मिलिमीटरची फट घेतली तर मधला पट्टा ०.६५ मिलिमीटरचा येतो, फटीपेक्षा अरुंद आणि दोन्ही बाजूंच्या रेघा पूर्ण काळ्या. फक्त पॉइंटरचा झोत २ मिलिमीटरची फट सारखी उजळवण्याएवढा रुंद हवा, नाहीतर कडांपर्यंत उजेडच पोचत नाही आणि मोजलं जातं ते झोताचं विवर्तन, फटीचं नव्हे.