शिडी : साहित्याची निवड व चढण्यापूर्वीची तपासणी

शिडी : दोन उभे दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पायऱ्या यांचे उंचावर चढण्याचे साधन. येथे टेकवून उभ्या करण्याच्या, उचलून नेता येणाऱ्या शिडीचाच विचार केला आहे. भारतात अशा शिड्या मुख्यत्वे बांबू, ॲल्युमिनियम आणि पोलाद यांच्या असतात. भारतीय मानक आयएस ३६९६ चा दुसरा भाग (१९९१) शिड्यांच्या सुरक्षित वापराविषयी आहे. साहित्य निवडताना बहुधा किंमत आणि वजन पाहिले जाते. प्रत्यक्षात जागेवर वीज आहे का आणि ओल किती आहे, हे दोन प्रश्न आधी यावेत. तपासणीही साहित्यानुसार बदलते, कारण तिन्ही प्रकारांत बिघाडाची खूण वेगवेगळ्या ठिकाणी दिसते.

बांबूची शिडी हलकी असते, गावातच तयार होते आणि तिची दुरुस्तीही तिथेच होते. महाराष्ट्रात मानवेल, कळक आणि कोकणात माणगा या जाती वापरात आहेत. माणगा बुडाकडे जवळजवळ भरीव असल्याने शिडीच्या दांड्यांसाठी त्याला पसंती मिळते. काठी तीन-चार वर्षांची, पक्की असावी. कोवळी काठी सुकताना आक्रसते आणि पायऱ्यांच्या खाचा सैल पडतात.

बांबूचा मुख्य शत्रू भुंगा होय. हा किडा काठीतील पिठूळ अंशावर जगतो, म्हणून काठी केव्हा तोडावी हा प्रश्न निघतो. अमावास्येच्या आसपास, निदान कृष्णपक्षात तोडलेला बांबू किडत नाही, अशी समजूत अनेक भागांत आहे. चंद्रकलेनुसार काठीतील रस चढतो-उतरतो, असे तिचे समर्थन केले जाते. दुसऱ्या मतानुसार निर्णायक गोष्टी ऋतू आणि काठीचे वय या होत. पावसाळ्यात नवे कोंब वाढवताना बेटातील साठा खर्च होतो, त्यामुळे पावसाळा सरल्यावर तोडलेल्या काठीला कीड कमी लागते. चंद्रकलेचा स्वतंत्र परिणाम असलाच तर तो ऋतूच्या परिणामापुढे लहान असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. काठ्या काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याच्या जुन्या रीतीविषयी मात्र असा वाद नाही. त्या पाण्यात पिठूळ व गोड अंश बराच धुऊन जातो. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात भिजवल्यासही कीड दूर राहते, पण ही द्रव्ये पावसात विरघळून निघून जातात. अशी शिडी छपराखाली ठेवली तरच प्रक्रियेचा उपयोग टिकतो.

बांबूचे तंतू उभे असतात, म्हणून तो आडवा सहसा मोडत नाही, उभा चिरतो. पायरीसाठी पाडलेल्या भोकापासून चीर सुरू होते आणि पुढच्या गाठीपाशी बहुधा अडते. जाणकार कारागीर त्यामुळे भोक गाठीजवळ घेतो आणि त्याच्या वर-खाली तार किंवा दोरी आवळून बांधतो. तपासताना प्रत्येक भोकाच्या कडेवरून नख फिरवावे. नख अडले तर तिथे चीर आहे. शिडीखाली पिवळसर पिठासारखा भुसा पडला असेल किंवा टिचकी मारल्यावर काठी पोकळ, बसका आवाज देत असेल, तर आत भुंगा आहे असे समजावे. बांबूच्या शिडीला तेलरंग कधीही देऊ नये. रंगाखाली चीर दिसत नाही.

ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश आहे. त्यामुळे लांब शिडीही एकट्याला उचलता येते आणि ती पोलादासारखी गंजत नाही. मात्र तिच्या मर्यादा कमी सांगितल्या जातात. ओले सिमेंट आणि चुना या अल्कधर्मी पदार्थांनी ॲल्युमिनियम झिजते, म्हणून गिलाव्याचे शिंतोडे त्याच दिवशी धुवावेत. समुद्रकाठी पोलादी रिव्हेटभोवतीचे ॲल्युमिनियम खाऱ्या ओलीत आधी खराब होते. तिथे पांढरी भुकटी दिसू लागते आणि पायरी किंचित हलते. सर्वांत घातक बाब म्हणजे वाकलेला दांडा ठोकून सरळ करणे. त्या जागी धातू दुबळा झालेला असतो, पण दिसायला दांडा सरळ असतो. वेल्डिंगच्या उष्णतेनेही या मिश्रधातूची मजबुती कमी होते, म्हणून गल्लीतल्या वेल्डरकडून तडा जोडून घेऊ नये.

पोलादी शिडी जड असते. ती एका जागी कायम उभी राहणार असेल, तरच तिची निवड योग्य ठरते. नळीच्या दांड्यात पाणी साचून गंज आतून लागतो, तेव्हा बुडाशी हातोडीने हलके ठोकून पाहावे.

विजेच्या बाबतीत दोन्ही धातू सारखेच धोकादायक आहेत. कोरडा बांबू वीज फारशी वाहू देत नाही, पण भिजलेला बांबू वाहू देतो, आणि भोकांभोवतीची तारही विसरता कामा नये. म्हणून बांबूची शिडी वीजरोधक मानणे चूक आहे. तारांजवळच्या कामासाठी फायबरग्लासची शिडी असते, तीही कोरडी व स्वच्छ असेल तरच.

उदाहरणार्थ, पावसाळ्यापूर्वी कौले चाळण्यासाठी कोकणातील एका घराच्या ३ मीटर उंचीच्या पागोळीवर चढायचे आहे. उंचीच्या एक-चतुर्थांश, म्हणजे ७५ सेंमी. अंतरावर शिडीचा पाय ठेवावा. पागोळीपर्यंतची लांबी सुमारे ३.१ मीटर येते. वर उतरताना हाताला आधार हवा म्हणून साधारण १ मीटर शिडी पागोळीच्या वर निघावी. म्हणजे ४.१ मीटर, व्यवहारात १४ फुटी शिडी लागते. खांबावरून घरात येणारी वीजवाहिनी त्याच बाजूला असेल, तर शिडी दुसऱ्या बाजूने लावावी किंवा वीजपुरवठा तोडून घ्यावा.

चढणारा ७० किलो वजनाचा धरल्यास तो पागोळीच्या निम्म्या उंचीवर असताना शिडीच्या पायाशी बाहेरच्या दिशेने सुमारे ९ किलोचा रेटा येतो, पागोळीपाशी पोहोचल्यावर तो साडेसतरा किलोच्या आसपास जातो. शिडीचे स्वतःचे वजन येथे सोडून दिले आहे. खाली घट्ट वाटलेली शिडी वर गेल्यावर सटकते, ती याच कारणाने. पाय ७५ सेंमी.ऐवजी दीड मीटरवर ठेवला तर पागोळीपाशी हाच रेटा दुप्पट, ३५ किलो होतो. हा रेटा पायाशी होणाऱ्या घर्षणानेच पेलायचा असतो. शेवाळलेल्या जांभ्यावर ते घर्षण भरवशाचे नसते. शेवाळ खरवडावे, शिडीच्या पायांचे रबरी बूट झिजलेले नाहीत हे पाहावे, आणि शिडीचा वरचा भाग वाशाला बांधावा. बांधून होईपर्यंत खाली माणसाने पाय अडवून धरावेत. पागोळीच्या वरच्या पायरीवर उभे राहू नये. आधाराच्या वर वजन गेले की शिडीचा खालचा पाय बाहेर सटकू शकतो.

चढताना तोंड शिडीकडे आणि तीन टेकू (दोन पाय व एक हात किंवा दोन हात व एक पाय) कायम ठेवावेत. कौले हातात घेऊन चढू नये, ती टोपलीतून दोरीने वर ओढावीत. तपासणीत नापास झालेली शिडी अडगळीत ठेवली की पुढच्या कामाला पुन्हा बाहेर निघते, म्हणून तिचे दांडे कापून टाकावेत.