ओली फरशी आणि झोन बचाव

बास्केटबॉलमधला झोन बचाव कसा जन्मला, याची नेहमी सांगितली जाणारी हकीगत गळक्या छपराची आहे. १९१४ साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात, ब्रिस्टल इथे, पावसाने कोर्ट ओलं झालं. धावणारे खेळाडू घसरू लागले, तेव्हा प्रशिक्षक कॅम हेंडरसन यांनी त्यांना माणसामागे धावण्याऐवजी आपापली जागा सांभाळायला सांगितलं. तोवर प्रत्येकाने एकेक प्रतिस्पर्धी धरायचा, म्हणजेच मॅन-टू-मॅन खेळायचं, ही रीत होती.

पुढे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगने, म्हणजे एनबीएच्या पूर्वसुरीने, १९४७ मध्ये झोनवर बंदी घातली. ती २००१ मध्ये उठली, पण कोणालाही न धरता बचावपटूने बास्केटखालच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही, ही अट आली. लहान वयोगटांत मात्र झोनला अनेक ठिकाणी मज्जाव आहे, आणि मला तो पटतो. लहान मुलांना लांबून बास्केट करता येत नाही, त्यामुळे हात वर करून आत उभं राहिलं तरी सामना जिंकता येतो. समोरच्याला पायांनी अडवणं शिकायचं राहून जातं.

म्हणून कुमारवयात झोन येतो तो मॅन-टू-मॅननंतर, आणि बहुधा वॉकथ्रूने: चालत, थांबत, जागा दाखवत. वॉकथ्रूची मर्यादा २-३ झोनमध्ये, म्हणजे पुढे दोन गार्ड आणि मागे तीन खेळाडू असतात तिथे, लगेच दिसते. चेंडू बास्केटसमोरच्या मधल्या भागातून उजव्या विंगला, म्हणजे उजव्या बाजूला, गेला की पुढच्या गार्डला पोचायला उशीर होतो. तोवर मागचा उजवा खेळाडू बाहेर येऊन शॉट रोखतो. गार्ड पोचून हाक देतो, की मागचा कोपऱ्याकडे परततो. चालताना हे कधीच चुकत नाही, कारण चेंडू त्यांच्यासाठी थांबलेला असतो. खऱ्या वेगात दोघंही विंगवर धावतात आणि कोपरा मोकळा पडतो, किंवा दोघंही थांबतात.

इथे बंधनं कामी येतात. हालचालींचे अभ्यासक कार्ल न्यूवेल यांनी १९८६ मध्ये मांडलं की हालचाल घडते ती शरीर, परिस्थिती आणि काम या तिन्हींच्या बंधनांतून. ब्रिस्टलला परिस्थिती बदलली होती; प्रशिक्षक काम बदलू शकतो. समजा, हल्ला करणाऱ्यांना ड्रिबल नाही, चेंडू दोनच सेकंद हातात ठेवायचा, आणि कोपऱ्यात मोकळ्याने झेल घेतला की दोन गुण. मागचा खेळाडू लवकरच हुशारी करतो: बाहेर येतच नाही, कोपऱ्यातच थांबतो. मुलं ज्याला गुण मिळतात तेवढंच शिकतात. मग विंगवरच्या मोकळ्या शॉटलाही दोन गुण द्यावे लागतात, तेव्हा कुठे हाक ऐकू येऊ लागते.

शिकलं की नाही, हे बंधनं काढल्यावर मागच्या खेळाडूच्या पायांकडे पाहून कळतं. पास झेलला गेल्यावर तो निघत असेल, तर अजून वॉकथ्रूच चालू आहे. चेंडू हवेत असतानाच निघायला हवं, आणि ही सवय मॅन-टू-मॅनमध्ये मदतीला धावताना आधीच लागलेली असते.