रात्रीचा बॅकअप आणि घरच्या नेटची कोंडी

घरातला स्टोरेज सर्व्हर, म्हणजे नॅस, रात्री फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागला की त्याच लाइनवर असलेल्या बाकीच्यांचे नेट अडखळते. बॅकअप रात्री लावावा, तेव्हा लाइन मोकळी असते, असा सर्रास समज आहे. मुंबईत तो फसतो. अमेरिकेच्या उन्हाळी वेळेत कॅलिफोर्नियात सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा इथे रात्रीचे दहा झालेले असतात, आणि तिथल्या क्लायंटशी घरून बोलणाऱ्यांचे कॉल तेव्हाच सुरू होतात.

दोष बहुतेक वेळा कमी स्पीडचा नसून रांगेचा असतो. समजा, बोरिवलीतल्या एका घरात अपलोड ४० एमबीपीएस आहे आणि गणपतीतले ३० जीबी व्हिडिओ चढवायचे आहेत. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ एमबी, तेव्हा काम १०० मिनिटांचे. नॅस मात्र लाइन पेलते त्याहून जास्त डेटा ढकलत राहतो आणि उरलेला डेटा फायबरच्या डब्याच्या बफरमध्ये साचतो. तिथे २ एमबी साचले तर मागून आलेल्या प्रत्येक पॅकेटला ०.४ सेकंद थांबावे लागते. कॉलमधला आवाज याच रांगेत अडकतो. डाउनलोडच्या पोचपावत्याही अडकतात, म्हणून नुसते व्हिडिओ पाहणाऱ्यालाही नेट संथ वाटते. याला बफरब्लोट म्हणतात.

निदानासाठी बॅकअप चालू असताना, वायफायवरच्या लॅपटॉपवरून दोन पिंग करावेत (पहिला पत्ता आपल्या राउटरचा):

```
ping 192.168.1.1
ping 1.1.1.1
```

पहिला २-५ मिलिसेकंद आणि दुसरा ४००च्या घरात असेल, तर रांग बाहेर जाणाऱ्या लाइनवर आहे. राउटरचाच पिंग उड्या मारत असेल, तर वायफाय भरले आहे. फोनवरून नॅसवर फाइली जाताना किंवा नॅसच वायफायवर असताना हे होते. अशा वेळी अपलोडला मर्यादा घालून भागत नाही. आधी नॅस केबलने राउटरला जोडावा.

लाइनवरच्या रांगेवर सर्वांत सोपा उपाय म्हणजे बॅकअपला लाइनच्या सुमारे ८० टक्क्यांवर रोखणे. आरक्लोन वापरत असल्यास:

```
rclone copy /data/photos remote:photos --bwlimit 4M
```

इथे 4M म्हणजे सेकंदाला ४ मेगाबाइट, मेगाबिट नव्हे. या गल्लतीने मर्यादा आठपट चुकते. वरचे काम आता सुमारे दोन तासांत होईल. वीसेक मिनिटे जास्त गेली, पण डब्यात रांग साचत नाही आणि कॉल तुटत नाही. हा सौदा डोळे झाकून करावा.

मात्र ही मर्यादा त्या एका प्रोग्रामपुरतीच असते. घरातले चार फोनही आपापले फोटो चढवत असतील, तर रांगेचे नियंत्रण राउटरवरच हवे. ओपनडब्ल्यूआरटीसारख्या राउटर-प्रणालीत `fq_codel` आणि `cake` या पद्धती त्यासाठी आहेत. तिथे अपलोडचा आकडा प्रत्यक्ष स्पीडपेक्षा थोडा कमी भरावा लागतो, नाहीतर रांग पुन्हा फायबरच्या डब्यात जाते. स्वस्त राउटरचा प्रोसेसर मोठ्या स्पीडला हे काम झेपवू शकत नाही आणि एकूण स्पीडच खाली येतो.