ओपन माइकला नाव देताय? आधी हे वाचा, मग चहा सांगा

येत्या शनिवारी संध्याकाळी ७ वाजता, नेहमीप्रमाणे, आमच्या कॅफेत स्टँड-अपचा ओपन माइक आहे. काउंटरवर रोज तोच प्रश्न येतो, "मी कधीच केलेलं नाही, चालेल का?" चालेल. चौदा जागांपैकी पाच आम्ही पहिल्यांदा येणाऱ्यांसाठीच ठेवतो. मराठी, हिंदी, डोंबिवलीची मिक्स, काहीही चालतं. काउंटरवरच्या वहीत नाव लिहायचं आणि शनिवारी साडेसहाला हजर राहायचं. कलाकारांकडून पैसे घेत नाही. प्रेक्षकांना १०० रुपये, आणि ते खाण्याच्या बिलातून वजा होतात.

खरा घोळ वेळेचा. प्रत्येकाला चार मिनिटं. चौदा जणांची छप्पन, प्रत्येकामागे होस्टचं मिनिटभर धरलं तर सत्तर मिनिटं, म्हणजे ८ वाजून १० मिनिटांनी संपायला हवं. प्रत्येकाने "फक्त दोनच मिनिटं" जास्त घेतली की अठ्ठावीस मिनिटं उशीर होतो. बदलापूरची मंडळी घड्याळ बघत उठतात आणि शेवटचा बिचारा बत्तीस खुर्च्यांपैकी अकरा माणसांसमोर बोलतो. त्यातला एक मी असतो, आणि मी टेबलं पुसत असतो.

वेळ का चुकते? घरी मनात वाचून मोजल्यामुळे. मनात वाचलेलं चार मिनिटांचं लिखाण तोंडाने सहा मिनिटं खातं. त्यात लोक हसले तर थांबावं लागतं. म्हणून उभं राहून, मोठ्याने, मोबाइलवर रेकॉर्ड करून बघा. घरी तीन मिनिटं भरलं तर इथे चार होतं.

दुसरं कारण लांबलेला सेटअप. मागे एका मुलाने गीझरचा विनोद आणला होता. सुरुवात अशी: माझे बाबा बँकेत होते, आधी ठाण्याच्या ब्रँचला, मग बदली झाली, मग रिटायर झाले, मग आम्ही फ्लॅट घेतला, त्यात दोन बाथरूम... पहिलं हसू आलं तेव्हा पावणेदोन मिनिटं उलटली होती. पुढच्या महिन्यात तोच मुलगा आला आणि म्हणाला, "बाबा बँकेतून रिटायर झाल्यापासून गीझरचं बटण त्यांच्या ताब्यात आहे. आंघोळीला जायचं तर अर्ज द्यावा लागतो. कारणासहित." वीस सेकंदांत बत्तीसच्या बत्तीस खुर्च्या हसल्या. ठाण्याची ब्रँच कुणालाच आठवली नाही. पंचला ज्याची गरज नाही ते खोडा. 'नर्व्हस वाटतंय' आणि 'पहिल्यांदाच करतोय' हेही खोडा. होस्ट ते आधीच सांगतो आणि टाळ्या मिळवून देतो.

तीन मिनिटं झाली की मागच्या भिंतीपाशी होस्ट मोबाइलचा टॉर्च हलवतो. याला 'लाइट' म्हणतात. लाइट दिसला की नवी गोष्ट काढायची नाही, हातातली संपवून उतरायचं. एका गृहस्थांनी तो प्रोत्साहन समजून आणखी तीन मिनिटं घेतली होती. चार मिनिटांवर टॉर्च पुन्हा हलतो, साडेचारला आम्ही गाणं लावतो. हे उद्धट वाटतं, तक्रारीही येतात, पण नाव कुणाचंही असो, आम्ही गाणं लावतोच. शेवटच्या नंबरवर बहुतेक वेळा नवखाच असतो, आणि त्याच्याही चार मिनिटांना समोर माणसं लागतात.

माइकचं थोडक्यात: हातात घेतलात तर स्टँड उचलून मागे ठेवा, नाहीतर तो तुमच्या-आमच्यामध्ये उभा राहतो. माइक तोंडापासून दोन-तीन बोटांवर धरा. जाळीवर मूठ आवळलीत किंवा माइक स्पीकरकडे वळवलात की कूंऽऽ असा आवाज येतो. तो आवाज आला तर घाबरू नका, माइक स्पीकरपासून दुसरीकडे वळवा.

स्टेज म्हणजे काउंटर आणि वॉशरूमचं दार यांमधली सहा फूट जागा. वॉशरूमला जायचं तर कलाकारासमोरूनच जावं लागतं, आणि जाणाऱ्यावर विनोद होतोच. प्रेक्षकांनी शोच्या आधीच आटोपून घ्यावं. कलाकारांनी विनोद जाण्यावर करावा, जाणाऱ्या काकूंच्या साडीवर नको. पहिल्या रांगेतली माणसं दर आठवड्याला इडली खायला येतात, आम्हाला ती परत हवी असतात. दुसऱ्याचा सेट रेकॉर्ड करू नका. तो अजून कच्चा असतो, पडायलाच इथे आणलेला असतो. स्वतःचा मित्राकडून करून घ्या.

पडलाच, म्हणजे एकही हसू आलं नाही, तर त्याला इथे 'बॉम्ब झाला' म्हणतात. पहिल्यांदा बॉम्ब झालेल्याला आमच्याकडून कटिंग फुकट. काही जुनी मंडळी अजूनही स्वतःला पहिल्यांदाच म्हणवून घेतात; त्यांची नावं वहीत आहेत.

आणि हो, कुणी बोलत असताना मिक्सर लावत नाही. एकाच्या पंचवर तो घरघरला होता, त्याची समजूत घालायला मला दोन सँडविच लागली. कोल्ड कॉफी हवी असेल तर सातच्या आत सांगा. नंतर फक्त चहा, कॉफी, बटाटावडा.